फोटोतलं औषध नेमकं कोणतं? बाटली आणि पोत्यावरचं लेबल वाचण्याची रीत

जूनपासून माझ्या फोनवर एका प्रकारचे फोटो येऊ लागतात. हातात धरलेली औषधाची बाटली, मागे कपाशी, आणि खाली एकच ओळ: "हे मारू का?" दहातले सात फोटो असे असतात की त्यात फक्त कंपनीनं दिलेलं मोठं नाव दिसतं, आणि नेमकं तेच आपल्या कामाचं नसतं. पाठवणारा ते नाव वाचतो, दुकानात कुणीतरी सांगितलेलं आठवतो आणि पंप भरायला घेतो.

औषध ओळखण्याचा क्रम ठरलेला आहे. आधी बारीक अक्षरातलं रसायनाचं नाव, मग त्याचे टक्के, मग टक्क्यांपुढची अक्षरं, मग पीक आणि शेवटी मात्रा. लोक सुरुवात मात्रेपासून करतात आणि तिथेच चुकतात. खाली प्रत्येक टप्पा त्याच क्रमानं घेतला आहे. बाटलीवर जास्त बोलले आहे, कारण चूक झाली तर बाटलीच्या बाबतीत ती सुधारता येत नाही. खताच्या पोत्यासाठी शेवटी वेगळा भाग आहे.

## टप्पा १: फोटो काढण्याआधीची तयारी

बाटलीचं झाकण घट्ट लावा. ओल्या फडक्यानं लेबलवरची धूळ आणि सांडलेल्या औषधाचे ओघळ पुसा. हातमोजे नसतील तर हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळा. पुसून झालं की हात धुवा आणि मगच फोन हातात घ्या, कारण तोच फोन थोड्या वेळानं गालाला लागणार असतो.

बाटली हातात धरून फोटो काढू नका. बोटं नेमकी बारीक मजकुरावर येतात आणि हात हलतो. सावलीत, वर्तमानपत्रावर बाटली उभी ठेवा. उन्हात चकचकीत लेबलवर पांढरा पट्टा उमटतो आणि फ्लॅशनंही तेच होतं, म्हणून फ्लॅश बंद ठेवा. समोरचा, म्हणजे सेल्फीचा कॅमेरा वापरू नका. काही फोनमध्ये त्यातली अक्षरं उलटी दिसतात.

सावध: औषध पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत ओतून ठेवलेलं असेल, तर फोटो काढून काही उपयोग नाही. रंगावरून किंवा वासावरून औषध ओळखता येत नाही, आणि वास घेऊन पाहणं हीच एक विषबाधा आहे. अशी बाटली थेट शेवटच्या भागात येते.

## टप्पा २: एक नव्हे, पाच फोटो

बाटली गोल असते, त्यामुळे एका फोटोत लेबलचा जेमतेम तिसरा हिस्सा येतो. म्हणून असे फोटो घ्या:

1. पूर्ण बाटली, समोरून.
2. बाटली थोडी फिरवून, जिथे घटकांचा छोटा तक्ता आहे तो भाग जवळून.
3. आणखी फिरवून, जिथे नोंदणी क्रमांक आणि उत्पादकाचा पत्ता आहे तो भाग.
4. बॅच नंबर, उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख. ही लेबलवर नसेल तर बाटलीच्या गळ्याशी किंवा बुडाशी छापलेली असते.
5. घडी घातलेलं माहितीपत्रक, पूर्ण उलगडून, दोन्ही बाजू.

पाचवा फोटो लोक हमखास विसरतात. पत्रक बाटलीच्या गळ्यात अडकवलेलं किंवा खोक्यात असतं, आणि खोकं दुकानातच फेकलं जातं. पिकांची यादी, मात्रा, काढणीआधी थांबायचे दिवस हे सगळं त्या पत्रकात असतं. लेबलवर जागाच नसते.

फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचे तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. नेहमीसारखा पाठवला की फोटो दाबला जातो आणि ३०.५ चं ३०.६ की ८०.५ हे कळेनासं होतं.

तपासा: पाठवण्याआधी आपल्याच फोनवर फोटो मोठा करा. तुम्हाला टक्क्यांतलं दशांश चिन्ह दिसत नसेल, तर समोरच्यालाही दिसणार नाही.

## टप्पा ३: मोठं नाव झाकून बारीक नाव वाचा

मोठं नाव हे कंपनीचं व्यापारी नाव. एकच रसायन पंचवीस-तीस नावांनी विकलं जातं. उलटही होतं: एकाच नावापुढे ‘सुपर’, ‘गोल्ड’, ‘प्लस’ लागतं आणि आतलं औषध वेगळं असतं. तेव्हा फोटोत मोठं नाव अंगठ्यानं झाकायचं आणि त्याच्या खाली बारीक अक्षरात काय आहे ते वाचायचं. दुकानदार आपसात बोलताना ‘कंटेंट काय?’ किंवा ‘टेक्निकल कोणतं?’ असं विचारतात, ते हेच. लेबलवर यालाच सक्रिय घटक म्हणतात.

घटकांच्या तक्त्यात पहिली ओळ सक्रिय घटकाची असते. त्याखाली पायसीकारक, द्रावक वगैरे ओळी असतात आणि शेवटी बेरीज १०० टक्के येते. काही जण सगळ्यात मोठा आकडा सक्रिय घटकाचा समजतात. तो बहुतेक वेळा पाण्याचा किंवा द्रावकाचा असतो. कीड मारणारी ओळ फक्त वरची.

वर दोन ओळी असतील, मध्ये अधिकचं चिन्ह असेल, तर दोन्ही नावं लिहून घ्या. बुरशीनाशकांत हे फार चुकतं. कार्बेन्डाझिम १२% अधिक मॅन्कोझेब ६३% डब्ल्यूपी हे मिश्रण घरात असतं, पण लक्षात फक्त कार्बेन्डाझिम राहतं. मग सोबत मॅन्कोझेबचा वेगळा पुडा टाकला जातो. मेटालॅक्सिलच्या आणि सायमोक्झॅनिलच्या नेहमीच्या पुड्यांतही दुसरा घटक मॅन्कोझेबच असतो. तीन वेगळी पाकिटं आलटून-पालटून मारली असं वाटतं, आणि प्रत्यक्षात दर वेळी मॅन्कोझेब पडलेलं असतं.

तपासा: नोंदणी क्रमांक शोधा. तो ‘सीआयआर’ या तीन इंग्रजी अक्षरांनी सुरू होतो. फरिदाबादच्या केंद्रीय कीटकनाशक मंडळाकडे नोंद झाल्याशिवाय कीटकनाशक, बुरशीनाशक किंवा तणनाशक विकता येत नाही, आणि ट्रायकोडर्मासारखी जैविक औषधंही त्यातून सुटत नाहीत. या लांबलचक क्रमांकाच्या मधोमध बहुधा रसायनाचं नाव आणि प्रकाराची अक्षरंही गुंफलेली असतात. घटकांचा तक्ता फाटला असेल तर ही ओळ कामाला येते. कीड मारण्याचा दावा आहे पण सीआयआर कुठेच नाही, अशी ‘टॉनिक’ची बाटली बाजूला ठेवा.

## टप्पा ४: टक्के आणि त्यापुढची दोन अक्षरं

नाव सापडलं की बहुतेकांना काम झालं असं वाटतं. इथूनच खरं काम सुरू होतं. इमिडाक्लोप्रिड हे गावागावात माहीत असलेलं रसायन घ्या. ‘इमिडा’ मागितलं तर दुकानात या चार गोष्टी मिळू शकतात:

- १७.८% एसएल: पाण्यात पूर्ण विरघळणारं पातळ औषध, फवारणीसाठी.
- ३०.५% एससी: दुधासारखं दिसणारं, दाट द्रावण. बाटली हलवूनच वापरायचं.
- ७०% डब्ल्यूजी: पाण्यात विरणारे दाणे, छोट्या पुडीत.
- ४८% एफएस: बियाण्याला चोळायचं रंगीत औषध.

चारही बाटल्यांवर नाव इमिडाक्लोप्रिड, आणि चौघांची मात्रा वेगळी. एफएस तर फवारायचंच नाही. ती दोन अक्षरं म्हणजे बीजप्रक्रियेचं औषध. घरात बियाण्याच्या वेळची उरलेली बाटली असते आणि ‘इमिडाच आहे ना’ म्हणून ती पंपात जाते.

आणखी एक घोळ आकड्यांचा. काही बाटल्यांवर ‘२०० एसएल’ लिहिलेलं असतं, काहींवर ‘१७.८% एसएल’. शेतकऱ्याला वाटतं पहिलं जास्त कडक. दोन्ही एकच आहेत. १७.८ हे वजनाला वजन असे टक्के आहेत आणि २०० म्हणजे एका लिटरमध्ये असलेले ग्रॅम. द्रावण पाण्याहून जड असल्यानं आकडे जुळत नाहीत. त्याच हिशेबानं ३०.५% म्हणजे लिटरला ३५० ग्रॅम आणि ४८% एफएस म्हणजे ६०० ग्रॅम. आकड्यापुढे टक्क्याची खूण आहे की नाही, एवढं फोटोत बघितलं तरी हा गोंधळ सुटतो.

बाकीची अक्षरं पाठ करायची गरज नाही, पण तीन लक्षात ठेवा. ईसी म्हणजे पाण्यात टाकल्यावर पांढरं होणारं तेलकट औषध. डब्ल्यूपी म्हणजे पाण्यात कालवायची पावडर, ती आधी थोड्या पाण्यात घोळायची. जीआर म्हणजे जमिनीत द्यायचे दाणे. ते पाण्यात मिसळून फवारायचे नाहीत.

## टप्पा ५: त्रिकोणाचा रंग, पण घाईत नको

लेबलवर चौकोन टोकावर उभा केलेला असतो आणि त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग असतो. लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. हा रंग माणसाला होणाऱ्या विषबाधेचा आहे. किडीवर औषध किती चालेल याच्याशी त्याचा संबंध नाही. ‘हिरवं आहे, म्हणजे हलकं’ असं म्हणून क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल परत करणारे मी पाहिले आहेत. अळीवर ते आजही चांगल्या औषधांपैकी एक आहे.

फोटोत रंगावर विसंबू नका. ट्यूबलाइटखाली निळा हिरवा दिसतो, उन्हानं उडालेला लाल नारिंगी होतो. वरच्या अर्ध्या भागातला शब्द वाचा. कवटी आणि ‘पॉयझन’ असेल तर लाल, कवटीशिवाय ‘पॉयझन’ असेल तर पिवळा, ‘डेंजर’ म्हणजे निळा, ‘कॉशन’ म्हणजे हिरवा.

## टप्पा ६: आपलं पीक यादीत आहे का?

आता पत्रकाचा फोटो उघडा. त्यातल्या तक्त्यात एका ओळीत पीक, कीड, हेक्टरी सक्रिय घटक, हेक्टरी औषध, हेक्टरी पाणी आणि शेवटच्या रकान्यात फवारणी ते काढणी यांतले दिवस असतात. बोट आडवं फिरवा, उभं नाही. लोक पिकाचा रकाना पाहतात आणि मात्रा खालच्या ओळीतली उचलतात.

शेवटचा रकाना सोडू नका. इमिडाक्लोप्रिड १७.८% एसएल कपाशीवर मारलं तर थांबायचे दिवस ४०, आणि भेंडीवर ३. ज्याच्याकडे दोन्ही पिकं आहेत त्यानं कपाशीची ओळ वाचून भेंडी तोडायची थांबवली तर भेंडी जून होईल. उलट केलं तर त्याहून वाईट.

पत्रक हरवलं असेल तर वनस्पती संरक्षण संचालनालयाच्या ppqs.gov.in या संकेतस्थळावर मंजूर वापरांच्या याद्या आहेत. कीटकनाशकं, बुरशीनाशकं, तणनाशकं अशा वेगवेगळ्या फायली आहेत. फाईल उघडून शोधाच्या चौकटीत नाव, टक्के आणि अक्षरं सगळी टाका, उदाहरणार्थ:

```
Imidacloprid 30.5% SC
```

नुसतं नाव टाकलं तर पहिल्यांदा भलताच प्रकार समोर येईल आणि त्याची मात्रा वाचली जाईल.

सावध: नाव, टक्के आणि अक्षरं तिन्ही जुळली तरी पत्रक वाचायचंच. ३०.५% एससी इमिडाक्लोप्रिड घराच्या पायात वाळवी लागू नये म्हणूनही विकलं जातं. त्या बाटलीच्या पत्रकावर पीकच नसतं, आणि मात्रा इतकी जास्त असते की ती शेतात चालणार नाही.

पीक यादीत नसेल तर उत्तर ‘नाही’. ‘सगळ्यावर चालतं’ हे दुकानात बोलायचं वाक्य आहे, लेबलवर ते कुठेही लिहिलेलं नसतं.

## टप्पा ७: हेक्टरावरून पंपावर

पत्रकात हेक्टरी मात्रा असते आणि आपल्या हातात १५ लिटरचा पंप. हेक्टरी आकड्याला अडीचनं भागलं की एकराची मात्रा मिळते. मग एकराला प्रत्यक्षात किती पंप लागतात तो आकडा घ्या, आणि त्यानं भागा.

कपाशीवरच्या मावा-तुडतुड्यांसाठी १७.८% एसएलची मात्रा हेक्टरी १०० ते १२५ मिली आहे, म्हणजे एकरी ४० ते ५० मिली. ३०.५% एससीची हेक्टरी ६० ते ७५, म्हणजे एकरी २४ ते ३० मिली. एकराला २०० लिटर पाणी, म्हणजे साधारण १३ पंप धरले, तर पहिल्याचे पंपाला ३ ते पावणेचार मिली येतात आणि दुसऱ्याचे जेमतेम २ मिली.

गावात सर्रास ‘झाकणभर’ टाकलं जातं. झाकण ८ मिलीचंही असतं आणि १५ मिलीचंही. १० मिली धरलं तरी ३०.५% एससी ठरल्याच्या चौपट-पाचपट जातं. म्हणून सुई नसलेली ५ मिलीची सिरिंज घ्या, तिच्यावर मार्करनं ‘औषध’ लिहा आणि ती दुसऱ्या कशालाही वापरू नका.

पिकाची उंची कमी असताना एकराला सात पंपातच काम होतं. तेव्हा एकराची मात्रा सातानं भागायची; पंपाची मात्रा वाढते, एकराची तीच राहते. हा हिशेब उलटा करणाऱ्याचं औषध कमी पडतं आणि तो ‘डुप्लिकेट होतं’ म्हणून दुकानदाराशी भांडतो.

## फाटक्या लेबलचा एक फोटो, सुरुवातीपासून

गेल्या हंगामात रिसोडकडच्या मामेभावाचा फोटो आला. शेडमधली एक लिटरची बाटली, अर्धी भरलेली. लेबल शेजारच्या डब्याला चिकटून निम्मं फाटलेलं. मोठं नाव गेलेलं. खाली इंग्रजीत ‘आयएम’ ही दोन अक्षरं, मग फाटलेला भाग, मग ‘१०% एस’ आणि पुन्हा फाटलेलं.

"ताई, मावा फार झालाय. मागच्या वर्षीचं इमिडा आहे, मारून टाकू का?"

‘आयएम’ हे त्याला इमिडा वाटणं साहजिक होतं. मी मात्र टक्क्यावर अडकले. इमिडाक्लोप्रिडचे वर दिलेले चार आकडे मला पाठ आहेत आणि त्यांत १० नाही. दुसरी गोष्ट बाटलीचा आकार. त्याची कपाशी तीन एकर. इमिडाच्या पूर्ण मात्रेनंही एका फवाऱ्याला दीडशे मिली लागतात. एवढ्यासाठी एक लिटरची बाटली कोण आणतो?

याच दोन अक्षरांनी सुरू होणारं, १०% एसएल असं मिळणारं आणखी एक रसायन आपल्याकडे घराघरात आहे: इमॅझेथापायर. सोयाबीनचं तणनाशक. हेक्टरी एक लिटर, म्हणजे एकरी ४०० मिली. मी त्याला विचारलं, मागच्या वर्षी सोयाबीन किती होतं? सव्वा एकर, तो म्हणाला. सव्वा एकराला ५०० मिली, आणि बाटली अर्धी शिल्लक. हिशेब जुळला.

पण जुळलेला हिशेब म्हणजे ओळख नव्हे. मी त्याला मागच्या बाजूचा, नोंदणी क्रमांकाचा फोटो मागितला. ओळ अर्धी घासलेली होती, तरी रसायनाच्या नावाची शेवटची तीन अक्षरं ‘पायर’ अशी वाचता आली. मग त्याला बिलांची पिशवी काढायला लावली. कीटकनाशकाच्या बिलावर बॅच नंबर लिहिलेला असतो. बाटलीच्या बुडाचा बॅच नंबर आणि बिलावरचा नंबर एकच निघाला, आणि त्यापुढे इमॅझेथापायर असं स्पष्ट छापलेलं होतं.

तीन एकर कपाशीवर ते पडलं असतं, तर शेंडे पिवळे पडून वाढ जागीच थांबली असती. मावा मात्र तसाच राहिला असता.

या फोटोतून तीन गोष्टी घ्यायच्या. नावाच्या पहिल्या दोन अक्षरांवरून कधीच ओळखू नका. बोलताना इमिडाक्लोप्रिड, इमॅझेथापायर आणि इमामेक्टिन तिन्ही ‘इमा’च वाटतात, आणि त्यातलं एक मावा मारतं, एक तण मारतं, एक अळी मारतं. टक्के आणि अक्षरं ही नावाची साक्षीदार असतात. आणि लेबल गेलं असेल तर बॅच नंबर जुळलेलं बिल हाच पुरावा, ऑनलाइन दुकानात तसाच डबा दिसला हा नव्हे.

## खताचं पोतं: रंग नको, आकडे वाचा

पोत्याच्या फोटोत आता एक नवीनच अडचण आहे. ऑक्टोबर २०२२ पासून अनुदानित खतं ‘भारत युरिया’, ‘भारत डीएपी’, ‘भारत एनपीके’ अशा एकाच नावानं येतात. पोत्याचा दोन तृतीयांश भाग या नावाला आणि चिन्हाला दिलेला असतो, कंपनीचं नाव उरलेल्या भागात. म्हणजे १०:२६:२६ आणि १२:३२:१६ ही दोन्ही पोती लांबून सारखीच दिसतात. ‘हिरव्या रंगाचं पोतं द्या’ हे मागणं आता बंद करायला हवं.

फोटोत तीन आकडे शोधा. पहिला नत्र, दुसरा स्फुरद, तिसरा पालाश, सगळे टक्क्यांत. चौथा आकडा असेल तर तो बहुधा गंधकाचा. २०:२०:०:१३ मध्ये हीच चूक होते. फोटोत शून्य नीट दिसलं नाही की लोक १३ टक्के पालाश समजतात आणि वेगळं पोटॅश टाकत नाहीत. त्या पोत्यात पालाश अजिबात नाही.

ठिबकमधून सोडायच्या विद्राव्य खतांत चूक आणखी सोपी असते, कारण २५ किलोची पांढरी पोती शेजारी शेजारी असतात. १२:६१:० मध्ये स्फुरद, १३:०:४५ मध्ये पालाश, ०:५२:३४ मध्ये दोन्ही. फोटोत शून्य कुठे आहे ते आधी बघा. शून्याची जागा कळली की पोतं ओळखलं.

आकडे मिळाले की गुणाकार करा. युरियाचं पोतं ४५ किलोचं आणि नत्र ४६%, म्हणजे पोत्यात २०.७ किलो नत्र. डीएपी ५० किलो, १८:४६, म्हणजे ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद. गंधक लावलेला ‘युरिया गोल्ड’ ४० किलोचा येतो आणि त्यात नत्र ३७% असतं, म्हणजे १४.८ किलो. पोतं बदलून ‘एकरी एक पोतं’ तसंच ठेवलं तर सहा किलो नत्र कमी पडतं.

तपासा: पोत्याच्या तोंडाची शिवणही फोटोत घ्या. कारखान्यातलं पोतं मशीननं शिवलेलं असतं. सुतळीनं हातशिलाई दिसली तर आत काय आहे हे पोत्यावरच्या छपाईवरून सांगता येत नाही. पोत्यावर ‘डी’, ‘पी’ अशी मोठी अक्षरं आणि खाली बारीक अक्षरात ‘स्फुरदयुक्त सेंद्रिय खत’ असं असेल तर ते डीएपी नाही. आकडे वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

## ओळख पटलीच नाही तर

नाव, टक्के आणि अक्षरं या तिन्हींपैकी एक जरी कळलं नाही, तरी ते औषध वापरायचं नाही. ‘थोडंसं मारून बघतो’ हाही वापरच आहे. बाटलीवर मार्करनं ‘ओळख नाही’ लिहा आणि ती कुलूपबंद ठेवा. विहिरीजवळ, नाल्यात किंवा उकिरड्यावर ओतू नका. बिल असेल तर दुकानदाराला बॅच नंबर दाखवून विचारा. तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात किंवा किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या क्रमांकावरही विचारता येतं, पण फोनवर सांगताना मोठं नाव न सांगता वर काढलेली माहिती वाचून दाखवा.

आणि बाटलीचे ते पाच फोटो फवारणी झाल्यावरही फोनमधून पुसू नका. फवारणाऱ्याला चक्कर, मळमळ, घाम, धूसर दिसणं असं काही झालं, तर डॉक्टर पहिला प्रश्न ‘कोणतं औषध होतं?’ असाच विचारतात. लेबलवर विषबाधेची लक्षणं आणि उतारा छापलेला असतो. रसायनानुसार उतारा बदलतो आणि इमिडाक्लोप्रिडसारख्या काहींना खास उताराच नसतो, म्हणून ‘कीटकनाशक होतं’ एवढं सांगून डॉक्टरांचं काम होत नाही. घटकांच्या तक्त्याचा फोटो दाखवा, आणि बाटली प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून सोबत न्या.